सिंथेटिक कंट्रोलचा पेपर वाचताना डोनर पूल कसा तपासायचा

प्रश्न: धोरणांच्या परिणामांवरचे बरेच पेपर हल्ली सिंथेटिक कंट्रोल वापरतात. आलेखात धोरणाआधीच्या दोन्ही रेषा अगदी एकमेकींवर बसलेल्या असतात. मग तुलनेची राज्यं किंवा देश बरोबरच निवडले असणार ना? तसं नसेल तर वाचकाने नेमकं काय बघायचं?

उत्तर:

नाही, तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. एक रेषा धोरण आलेल्या राज्याची असते, दुसरी इतर राज्यांना वजनं देऊन बांधलेल्या सरासरीची. धोरणाआधीच्या रेषा जुळाव्यात अशीच वजनं शोधायला ही पद्धत सांगितलेली असते, त्यामुळे त्या जुळल्या तर तिने सांगितलेलं काम केलं एवढंच कळतं. कोणाकोणातून वजनं शोधायची हे मात्र गणित ठरवत नाही, लेखक ठरवतात. त्या यादीला डोनर पूल म्हणतात आणि तिच्यातल्या प्रत्येक राज्याला किंवा देशाला दाता. ती बहुतेक वेळा विदा या विभागातल्या दोन-तीन वाक्यांत उरकलेली असते. मी पेपर परीक्षणाला घेतला की आलेखाआधी ती वाक्यं वाचतो. पेपर उभा राहणार की पडणार, हे बऱ्याचदा तिथेच कळतं.

एकच उदाहरण नीट उलगडून दाखवतो. या पद्धतीचा सगळ्यांत जास्त वाचला गेलेला पेपर म्हणजे आबाडी, डायमंड आणि हाइनम्युलर यांचा २०१० सालचा, कॅलिफोर्नियाच्या प्रपोझिशन ९९ या कायद्यावरचा. मतदारांनी हा कायदा नोव्हेंबर १९८८ मध्ये मंजूर केला आणि जानेवारी १९८९ पासून सिगारेटच्या पाकिटामागे २५ सेंट कर वाढला. त्या पैशातून धूम्रपानविरोधी प्रचारही सुरू झाला. हा कायदा आला नसता तर कॅलिफोर्नियात दरडोई किती पाकिटं विकली गेली असती, हा प्रश्न होता. अशी कॅलिफोर्निया अस्तित्वातच नाही, म्हणून इतर राज्यांना वजनं देऊन तिची सरासरी बांधायची. वजन शून्यापेक्षा कमी असू नये आणि सगळ्या वजनांची बेरीज एक व्हावी, एवढ्या दोन अटी. विदा १९७० ते २००० या काळाची आहे, म्हणजे कायद्याआधीची १९ वर्षं हाताशी होती.

कॅलिफोर्निया सोडून ४९ राज्यं उरतात, पण लेखकांनी घेतली ३८. मॅसॅच्युसेट्स, ॲरिझोना, ओरेगॉन आणि फ्लोरिडा यांनी त्या काळात स्वतःचे मोठे तंबाखूविरोधी कार्यक्रम सुरू केले, म्हणून ही चार वगळली. आणखी सात राज्यांनी १९८९ ते २००० दरम्यान करात ५० सेंट किंवा अधिक वाढ केली, म्हणून तीही गेली. डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाही बाहेर राहिलं. यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली, वगळण्याचा नियम आकड्यात मांडलेला आहे. तो आपल्यालाही लावून बघता येतो आणि ४९ मधून ३८ कशी उरली याचा हिशोब लागतो. दुसरी, नियमामागचं कारण धोरणाशी थेट जोडलेलं आहे. ज्या राज्याने तेच औषध घेतलं, ते राज्य औषध न घेतलेल्याचं उदाहरण म्हणून चालत नाही. तशी राज्यं पूलमध्ये ठेवली असती तर कृत्रिम कॅलिफोर्नियाची विक्रीही खाली आली असती आणि कायद्याचा परिणाम खऱ्यापेक्षा कमी दिसला असता.

इथे एक गाठ आहे, तिच्यावर फारसं बोललं जात नाही. ही राज्यं १९८९ नंतर काय घडलं ते बघून वगळली आहेत. म्हणजे पूलमध्ये फक्त अशी राज्यं उरतात ज्यांनी पुढची १२ वर्षं मोठं काही केलं नाही. त्यामुळे उत्तराचा अर्थ थोडा बदलतो. ‘हा कायदा नसता तर कॅलिफोर्नियात काय झालं असतं’ याऐवजी ‘हा कायदा नसता आणि २००० पर्यंत दुसरंही काही मोठं केलं नसतं तर काय झालं असतं’ हा प्रश्न होतो. १९८८ मध्ये कायदा नामंजूर झाला असता तर कॅलिफोर्नियाने १९९३ मध्ये वेगळा कर लावलाच नसता, असं कोण छातीठोकपणे सांगेल? पेपरमधला अर्थ चुकीचा नाही, उलट धोरण आखणाऱ्याला बहुधा तोच हवा असतो. पण नंतरच्या घटना पाहून वगळणं ही दुधारी गोष्ट आहे. वगळण्याचं कारण धोरण असेल तर ठीक. ‘या राज्यात नंतर मंदी आली म्हणून वगळलं’ असं लिहिलेलं दिसलं की मी थांबतो. मंदी कॅलिफोर्नियातही येऊ शकली असती. वाईट दिवस आलेले सगळे बाहेर काढले तर उरलेल्यांची सरासरी चांगलीच दिसणार.

आता वजनांकडे येऊ. ३८ पैकी पाचच राज्यांना वजन मिळालं: युटा ०.३३४, नेवाडा ०.२३४, मोंटाना ०.१९९, कोलोरॅडो ०.१६४ आणि कनेक्टिकट ०.०६९. बाकी सगळी शून्य किंवा नगण्य. या पद्धतीचं मला सगळ्यांत आवडतं ते हेच. रिग्रेशनमध्येही प्रत्येक राज्याला कुठलं ना कुठलं वजन पडतंच, ऋणसुद्धा पडू शकतं, पण ते कुणाला दिसत नाही. इथे यादी समोर असते आणि तिच्यावर वाद घालता येतो. तेव्हा वाद घालायलाच हवा.

पहिला वाद युटा आणि नेवाडा यांच्यावर. युटामध्ये मॉर्मन लोकसंख्या मोठी, त्यांच्या धर्मात तंबाखू वर्ज्य, त्यामुळे तिथली विक्री देशात अगदी तळाला. नेवाडा कॅसिनो आणि पर्यटकांचं राज्य, तिथली विक्री चढी. या दोघांचं मिळून वजन निम्म्याहून जास्त. म्हणजे कृत्रिम कॅलिफोर्नियाचा बराच भाग एका टोकाचं आणि दुसऱ्या टोकाचं मिश्रण करून मध्यावर आणलेला आहे. मध्य बरोबर येतो, पण मध्यावरचं राज्य पुढे जसं वागेल तशीच टोकांची सरासरी वागेल का? समजा त्या दशकात मध्यम विक्रीच्या राज्यांत अधूनमधून ओढणाऱ्यांनी झपाट्याने सिगारेट सोडली, आणि दोन्ही टोकांच्या राज्यांत मात्र विक्री हळू उतरली. मग टोकांची सरासरी हळू उतरेल, कॅलिफोर्निया वेगाने उतरेल, आणि कायद्याने काहीच केलं नसलं तरी दोन रेषांत फट पडेल. याला इंटरपोलेशनचा दोष म्हणतात. रेषा आधी कितीही जुळलेल्या असोत, हा दोष त्यात दिसत नाही. उपाय सोपा आहे. कॅलिफोर्नियापासून फार दूरची राज्यं आधीच बाजूला काढायची, छोट्या पूलवर हिशोब पुन्हा करायचा आणि फट टिकते का बघायचं. लेखकांनी तसं केलं नसेल तर परीक्षक म्हणून ते मागायचं.

दुसरा वाद तुलनेच्या तक्त्यावर. त्यात तीन स्तंभ असतात: खरी कॅलिफोर्निया, कृत्रिम कॅलिफोर्निया आणि सगळ्या ३८ राज्यांची साधी सरासरी. १९८८ ची दरडोई विक्री अनुक्रमे ९०.१, ९१.६ आणि ११४.२ पाकिटं. साध्या सरासरीशी तुलना करणं किती चुकीचं ठरलं असतं, हे या एका ओळीतून कळतं. सिगारेटची किरकोळ किंमत आणि १५ ते २४ वयोगटाचं प्रमाणही छान जुळलं आहे. पण दरडोई उत्पन्नाची ओळ बघा. लॉगमध्ये कॅलिफोर्निया १०.०८, कृत्रिम ९.८६ आणि ३८ राज्यांची सरासरीही ९.८६. उत्पन्नाच्या बाबतीत वजनांनी काहीच साधलेलं नाही. खरी कॅलिफोर्निया आपल्या कृत्रिम जोडीदारापेक्षा वीस टक्क्यांहून अधिक श्रीमंत आहे. लेखक हे लपवत नाहीत. आधीच्या विक्रीचे आकडे हाताशी असताना उत्पन्नाचा विक्रीच्या अंदाजाला फारसा उपयोग होत नाही, म्हणून पद्धतीने त्याला फार कमी महत्त्व दिलं, असं ते सांगतात. मला ते इथे पटतं. पण तुम्ही वाचत असलेल्या पेपरमध्ये अशी न जुळणारी ओळ असेल तर एक प्रश्न विचारा: धोरणानंतरच्या काळात या गोष्टीमुळे दोघांच्या वाटा वेगळ्या होऊ शकल्या असत्या का? वाचलेल्या पेपरांतले निम्मे तरी लेखक हा प्रश्न स्वतःला विचारतच नाहीत. ते फक्त आधीच्या विक्रीची जुळणी दाखवतात.

तिसरा वाद शेजाऱ्यांवर, आणि माझ्या मते तुलनेची एकक निवडण्यातली सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. शेजारी सारखा असतो म्हणून त्याला वजन मिळतं, आणि शेजारी असल्यामुळेच धोरणाची झळ त्याला लागते. नेवाडा कॅलिफोर्नियाला लागून आहे. विदा सिगारेट ओढण्याची नाही, कर भरून विकलेल्या पाकिटांची आहे. कर वाढल्यावर कॅलिफोर्नियातल्या लोकांनी सीमेपलीकडे जाऊन पाकिटं घेतली असतील तर कॅलिफोर्नियाची विक्री घटेल आणि नेवाडाची वाढेल. एकाच पाकिटाने फट दोन्ही बाजूंनी रुंदावते.

किती रुंदावते, ते मोजता येतं. २००० मध्ये कॅलिफोर्नियाची लोकसंख्या सुमारे ३.३९ कोटी होती आणि नेवाडाची सुमारे २० लाख, म्हणजे सतरापट. कॅलिफोर्नियातल्या माणशी एक पाकीट नेवाडातून आलं असं धरा. कॅलिफोर्नियाची दरडोई विक्री १ ने घटली. नेवाडाची दरडोई विक्री मात्र १७ ने वाढली, आणि ती ०.२३४ च्या वजनाने कृत्रिम कॅलिफोर्नियात गेली.

```
फटीत पडणारी भर = १ + (०.२३४ × १७) ≈ ५ पाकिटं
```

माणशी एका पाकिटाच्या गळतीने फट पाचाने वाढते. पेपरनुसार २००० मध्ये एकूण फट सुमारे २६ पाकिटांची आहे. म्हणजे माणशी जेमतेम पाचेक पाकिटं वर्षाला सीमेपलीकडून आली असती तर सगळाच परिणाम खोटा ठरला असता! पहिल्यांदा हा हिशोब मांडला तेव्हा मी दचकलो होतो. पण हाच हिशोब पुढे नेला की सुटकाही दिसते. माणशी पाच पाकिटं गेली तर नेवाडाची दरडोई विक्री ८५ पाकिटांनी फुगायला हवी. एवढी उसळी कुठल्याही आलेखात डोळ्यात भरेल. तेव्हा प्रत्येक वजनदार शेजाऱ्याची धोरणानंतरची स्वतःची रेषा वेगळी काढून बघायची, आणि त्याला पूलमधून काढून हिशोब पुन्हा करायचा. एकेक दाता काढून बघण्याचा हा व्यायाम आता रूढ झाला आहे. एकाच्या जाण्याने फट निम्मी होत असेल तर तो परिणाम धोरणाचा आहे की त्या एका राज्याचा, हे सांगता येत नाही.

गळती नेहमी परिणाम वाढवतेच असं नाही. याच लेखकांच्या २०१५ च्या पेपरमध्ये १९९० च्या जर्मनीच्या एकीकरणाचा पश्चिम जर्मनीच्या दरडोई उत्पन्नावरचा परिणाम मोजला आहे. तिथे सर्वाधिक वजन शेजारच्या ऑस्ट्रियाला, ०.४२. एकीकरणामुळे ऑस्ट्रियाचा व्यापार वाढला असेल तर पश्चिम जर्मनीचं नुकसान जास्त दिसेल, आणि जर्मनीकडे वळलेल्या गुंतवणुकीमुळे ऑस्ट्रियाला फटका बसला असेल तर कमी दिसेल. पेपरमध्ये गळतीची दिशा कोणती आणि त्यामुळे निष्कर्ष फुगतो की आकसतो, हे एका वाक्यात तरी लिहिलेलं असावं. नुसतं ‘गळती नाही असं गृहीत धरलं’ हे पुरेसं नाही.

आता जुळलेल्या रेषांच्या तुमच्या मूळ मुद्द्यावर परत येतो. १९ वर्षांचे आकडे आणि ३८ दाते. दाते वर्षांपेक्षा जास्त असले की निव्वळ योगायोगानेही रेषा जुळवता येतात. काही वर्षांचे चढउतार कुठल्या तरी राज्यांच्या चढउतारांशी जुळून जातात, आणि धोरणानंतर ती राज्यं आपापल्या वाटेने निघून जातात. धोरणाआधीची आठ-दहाच वर्षं आणि पन्नास दाते असा पेपर असेल तर सुंदर जुळणीचं मला काहीच कौतुक वाटत नाही. ही शंका तपासण्याचा प्रामाणिक मार्ग म्हणजे धोरणाची तारीख मागे ढकलणं. कायदा १९८९ ऐवजी १९८३ मध्ये आला असं समजायचं, वजनं १९८२ पर्यंतच्या विदेवर ठरवायची, आणि १९८३ ते १९८८ या वर्षांत रेषा जुळून राहतात का बघायचं. ती वर्षं वजनांनी पाहिलेलीच नाहीत, म्हणून तिथली जुळणी ही खरी परीक्षा. जर्मनीच्या पेपरमध्ये असंच १९७५ हे खोटं वर्ष घेऊन केलेलं आहे आणि तिथे फट पडत नाही. हा आलेख नसलेला पेपर मी लेखकांकडे परत पाठवतो.

शेवटचा मुद्दा प्लसीबोचा, कारण त्याचीही दोरी डोनर पूलच्याच हातात आहे. प्रत्येक दात्यालाच जणू कायदा लागू झाला असं समजून तोच हिशोब करायचा आणि कॅलिफोर्नियाची फट त्या सगळ्या फटींत किती वेगळी दिसते ते बघायचं. दोन रेषांतला फरक ही चूक धरून धोरणानंतरची चूक भागिले धोरणाआधीची चूक हे गुणोत्तर काढलं तर कॅलिफोर्निया ३९ मध्ये पहिली येते. निव्वळ योगायोगाने पहिलं येण्याची शक्यता १/३९, साधारण ०.०२६. पूलमध्ये १२ च दाते असते तर पहिला क्रमांक येऊनही आकडा १/१३, म्हणजे ०.०७७ च्या खाली गेलाच नसता. त्यामुळे लहान पूलच्या पेपरमध्ये तो आकडा मोठा दिसला म्हणून परिणाम नाही असं समजू नये, आणि मोठ्या पूलमध्ये लहान दिसला म्हणून भारावूनही जाऊ नये. पूल वाढवला की तो आकडा आपोआप लहान होऊ शकतो, नवे दाते तुलनेला नालायक असले तरीही.

न्यू हॅम्पशायर हे त्याचं ठळक उदाहरण. तिथली दरडोई विक्री कायद्याआधीच्या प्रत्येक वर्षी सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त होती. सर्वांत उंच माणसाची उंची इतरांच्या सरासरीतून कधीच येणार नाही, त्यामुळे त्याची कृत्रिम प्रत बनूच शकत नाही. कॅलिफोर्नियासाठी धोरणाआधीच्या चुकांच्या वर्गांची सरासरी ३ च्या आसपास आहे, न्यू हॅम्पशायरसाठी ३,४३७. अशा राज्याची फट प्लसीबोत ठेवली तर आलेख नुसता गढूळ होतो. म्हणून लेखकांनी कॅलिफोर्नियापेक्षा दुपटीहून वाईट जुळणाऱ्या राज्यांना काढूनही आलेख दिला आहे. त्यात १९ राज्यं उरतात आणि कॅलिफोर्नियाची रेषा तळाला एकटी दिसते. त्यांनी वीसपट, पाचपट आणि दुप्पट अशा तिन्ही मर्यादा दाखवल्या, हे महत्त्वाचं. एकच मर्यादा दिली असेल तर ती का निवडली, हे विचारायचं.

हेच तर्कशास्त्र तुम्ही अभ्यासत असलेल्या राज्यालाही लावा. ते स्वतःच आपल्या पूलमध्ये सर्वांत वर किंवा सर्वांत खाली असेल तर त्याच्यासाठी ही पद्धत नाहीच. काही लेखक अशा वेळी ऋण वजनांना परवानगी देतात किंवा पातळीऐवजी बदलांवर काम करतात. ते करता येतं, पण मग ‘या राज्यांच्या सरासरीसारखं राज्य’ असं म्हणण्याचा हक्क उरत नाही, आणि विदेच्या बाहेर पाऊल टाकल्याची जबाबदारी लेखकांवर येते. अलीकडे एका पेपरच्या परीक्षणात असंच झालं. अभ्यासातलं राज्य पूलच्या वर होतं, रेषा तरीही जुळलेल्या होत्या, आणि ऋण वजनांचा उल्लेख फक्त परिशिष्टात होता. मी दोनच गोष्टी मागितल्या: वगळलेल्या प्रत्येक राज्यापुढे एक ओळीचं कारण असलेली पूर्ण यादी, आणि तारीख पाच वर्षं मागे ढकलून काढलेला आलेख. सुधारित मसुद्यात यादी आली. आलेखही आला, आणि त्यात धोरणाच्या तीन वर्षं आधीच फट पडू लागलेली स्पष्ट दिसत होती.